दहा महिन्यात मशीन वसूल म्हणे: मामाच्या प्रेसचा हिशोब

दसरा झाला आणि मामाचा फोन आला, "अरे, फोर कलर मशीन घ्यायलोय, तू एकदा कागद बघ की." कागद म्हणजे डीलरने दिलेलं एक पान. त्यावर मशीनचा फोटो, खाली पेनने केलेली आकडेमोड आणि शेवटी दोनदा अंडरलाईन करून लिहिलेलं, १० महिन्यात वसूल. मी अकाउंटचं काम करतो, छपाईतलं मला तसं फार कळत नाही पण मामाच्या प्रेसमध्ये सुट्टीत कटिंग मशीनपाशी बसून मोठा झालोय त्यामुळे अगदीच कोरा पण नाही. तेव्हा बसलो. एका रविवारचं काम वाटलं होतं, तीन रविवार गेले.

आधी प्रेसबद्दल सांगतो. सोलापुरात, पेठेतल्या जागेत, एक सिंगल कलर ऑफसेट, एक कटिंग, एक क्रीझिंग, दोन माणसं आणि मामा. बिलबुकं, लेटरहेड, हँडबिलं घरातच छापतात. रंगीत काम, म्हणजे लग्नपत्रिका, टॉवेलच्या बॉक्सवरची स्लीव्ह, चादरीचे टॅग, शेंगा चटणीची लेबलं, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी येणारी रंगीत पत्रकं, हे सगळं मामा दुसऱ्या मोठ्या प्रेसला जॉबवर्कवर देतो. कागद मामाचा, प्लेट मामाची, तिकडे फक्त छपाई. पहिल्या हजार शीटला १,७०० रुपये मिनिमम आणि पुढच्या दर हजाराला ४००. दर महिन्याला तिकडे दीड लाख जातात आणि मामाला तेच झोंबायचं. "माझ्या पैशावर त्याचं मशीन चाललंय बे."

डीलरचं गणित असं होतं. मशीन तासाला ८,००० शीट काढतं, आठ तास, पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला १६ लाख शीट. हजाराला ३५० रुपये धरले तर ५ लाख ६० हजार, खर्च २ लाख ६० हजार, उरले तीन लाख, मशीन ३० लाखाचं, भागाकार केला की दहा. (मशीन सेकंडहँड आहे, १९ बाय २६ साईझचं. आकडे सगळीकडे मी थोडे गोल केलेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय, कारण इनपुट क्रेडिट मिळालं की तो परत येतो, फक्त तोपर्यंत पैसा अडकतो हे लक्षात ठेवायचं.)

भागाकार बरोबर आहे. पण १६ लाख शीट छापायला देणार कोण? डीलरने मशीनची ताकद मोजली, मामाकडे येणारं काम मोजलंच नाही. मी मामाला म्हटलं जॉब रजिस्टर काढ. मामाच्या प्रेसची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ते लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, त्यात मामी स्वतः रोज लिहिते, कुणाचा जॉब, किती शीट, तिकडे किती दिले. बारा महिन्यांची पानं उलटली तर बाहेर गेलेले जॉब निघाले महिन्याला सरासरी ७०, आणि शीट सगळी मिळून महिन्याला साधारण १ लाख ४० हजार. १६ लाख कुठे आणि १ लाख ४० हजार कुठे.

त्यातही ७० जॉब एकसारखे नाहीत. तीस जॉब ४०० शीटच्या आसपासचे, अठ्ठावीस दीड हजाराचे आणि फक्त बारा मोठे, सातेक हजाराचे. आता ऑफसेटवर जॉब लावायला वेळ लागतो, प्लेटा चढवायच्या, शाई-पाणी जमवायचं, चारी रंग एकमेकांवर बसवायचे, हे सगळं चांगल्या ऑपरेटरला पण पाऊण तास खातं. सत्तर जॉबचे पाऊण पाऊण तास म्हणजे बावन्न तास, आणि खरी छपाई तासाला ६,००० धरली (८,००० कागदावरच असतात, १३० जीएसएमचा आर्ट पेपर तेवढ्याने पळवला की शीट बाहेर पडतात त्या डिलिव्हरीत गोंधळ) तर तेवीस-चोवीस तास. म्हणजे महिन्याच्या दोनशे तासांतले शहात्तर तास मशीन गुंतणार आणि त्यातही दोन तृतीयांश वेळ जॉब लावण्यातच जाणार. बाकी सव्वाशे तास ते नुसतं उभं. छोट्या प्रेसला स्पीड विकत घेऊन काही होत नाही, कारण तिचं मशीन अडतं ते जॉब बदलताना. डीलरच्या पानावर जॉब बदलणं हा प्रकारच नव्हता.

मग मी पद्धत बदलली. प्रेसची एकूण उलाढाल किती होईल हे विचारायचंच नाही, मशीन आलं तर काय बदलेल एवढंच मोजायचं. कागद मशीन असो नसो विकत घ्यायचाच आहे, प्लेट पण ती बनवणाऱ्या सीटीपीवाल्याकडून आणायचीच आहे, तेव्हा ते दोन्ही हिशोबातून बाहेर. जागेचं भाडं तेच, मामाचा वेळ तोच, तेही बाहेर.

आता एक सरासरी जॉब घ्या. तिकडे त्याचे २,२०० जातात, हे वाचतील. घरी छापला तर शाई, केमिकल, मशीनमधल्या रबरी ब्लँकेटची झीज मिळून ४००, वीज १०० आणि वेस्टेज. वेस्टेजवर मामाशी चांगलाच वाद झाला. जॉबवर्कवाला सेटिंगला शंभर शीट मागतो, मामा म्हणाला आपण पण शंभरातच लावू. मी म्हटलं नवा ऑपरेटर, जुनं मशीन, आणि सोलापूरचा एप्रिल-मे. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी होते की कागद पाणी सोडतो, कडा वळतात, शीट एकमेकांना चिकटतात आणि पहिला रंग बसल्यावर शेवटचा रंग केसभर बाजूला पडतो. मामाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, सिंगल कलरवर ते खपून जातं एवढंच, चार रंगात लगेच दिसतं. शेवटी जास्तीची शंभर शीट धरली, चार रुपयाला एक, म्हणजे ४००. असे एकूण ९००. २,२०० मधून ९०० गेले, एका जॉबमागे वाचले १,३००.

सत्तर जॉबचे ९१ हजार, शिवाय कागद तिकडे नेणं-आणणं यातला टेम्पोचा ९ हजार वाचेल, म्हणजे महिन्याला बरोबर एक लाख. यातून जॉब येवो न येवो लागणारा खर्च काढायचा. फोर कलर चालवणारा ऑपरेटर २८ हजाराच्या खाली येत नाही (आणि आला तर का येतोय ते आधी विचारावं), हेल्पर १४ हजार, देखभाल १२ हजार, वाढलेल्या लोडचा विजेचा ठरलेला आकार वगैरे ८ हजार. झाले ६२ हजार. उरले किती? महिन्याला ३८ हजार, वर्षाला ४ लाख ५६ हजार.

मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दीड लाख वाचतात म्हणत होतो मी." हाच सगळ्यांचा घोळ होतो, बाहेर जाणारं बिल दिसतं आणि ते पूर्ण वाचणार असं वाटतं, पण त्या बिलातच तिकडच्या ऑपरेटरचा पगार होता, तो आता आपल्या गळ्यात येणार.

नंतर गुंतवणुकीची बाजू. मशीन ३० लाख हे फक्त मशीन. क्रेन, वाहतूक आणि फिटिंग १ लाख ६० हजार. खाली काँक्रीटचा बेड, नवीन वायरिंग आणि महावितरणकडून मंजूर लोड वाढवून घेणं २ लाख १० हजार. आल्या आल्या रोलर नि ब्लँकेट बदलणं आणि ट्रायलचा कागद १ लाख ८० हजार, कॉम्प्रेसर ५० हजार. झाले ३६ लाख. आणि आणखी एक गोष्ट जी कुठल्याच कोटेशनमध्ये नसते, उधारी. काम वाढलं की कागद रोखीत घ्यावा लागतो आणि टॉवेलवाल्या पार्ट्या दोन-दोन महिन्यांनी पैसे देतात, त्यात ४ लाख तरी कायमचे अडकणार. हे पैसे बुडत नाहीत, धंदा बंद केला की परत येतात, पण आज खिशातूनच जातात. तर ३० नाही, ४० लाख.

पेबॅक म्हणजे लावलेले पैसे परत यायला लागणारा काळ. चाळीस लाख भागिले ४ लाख ५६ हजार, पावणेनऊ वर्षं. दहा महिन्यांचे पावणेनऊ वर्षं झाले आणि मी एकही आकडा मुद्दाम वाईट धरलेला नव्हता.

पण हे मामावर अन्यायकारक होतं, हे पण खरं. घरात मशीन असलं की काही काम नवीन येतं. लग्नाच्या तोंडावर माणूस म्हणतो परवा पाहिजे, आणि मामाला नाही म्हणावं लागतं कारण तिकडे रांग असते. तेव्हा मी नवीन जॉब महिन्याला २० धरले. इथे वाचणारे पैसे नाहीत, मिळणारे आहेत. कागद-प्लेट सोडून छपाईचे गिऱ्हाईकाकडून २,८०० मिळतील, त्यातून शाई ४००, वीज १००, आणि वेस्टेज यावेळी पूर्ण दोनशे शीटचं धरायचं, ८००, कारण या जॉबचं एकही शीट आधी कुठे वाया जात नव्हतं. जॉबमागे १,५०० राहिले, वीसचे ३० हजार. ३८ आणि ३०, महिन्याला ६८ हजार, वर्षाला ८ लाख १६ हजार. आता पेबॅक आला ४.९ वर्षं. म्हणजे हे मशीन वाचवणाऱ्या पैशावर उभं राहतच नाही, नवीन येणाऱ्या वीस जॉबवर राहतं, आणि ते वीस जॉब अजून कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत.

पेबॅकमध्ये एक खोट आहे, पैसे परत आल्यावर पुढे मशीन किती वर्षं चालेल याबद्दल तो काही बोलत नाही. सेकंडहँडच्या बाबतीत तर तीच मुख्य गोष्ट. म्हणून आरओआय, म्हणजे लावलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतात ते. पुण्याहून ओळखीचा मेकॅनिक नेऊन मशीन बघितलं, त्याने काउंटरवरच्या आकड्याकडे बघितलं पण नाही ("तो बदलता येतो हो"), पाचशे शीट सलग चालवायला लावली आणि पहिली, मधली, शेवटची घेऊन भिंगाखाली रंग जुळवायचे रजिस्टर मार्क बघितले. शीट पकडणारे ग्रिपर ढिले असले की मार्क शीटगणिक सरकतात आणि सिलिंडरचे गिअर-बेअरिंग झिजलेले असले की ठिपक्याशेजारी ठिपक्याची सावली दिसते. मार्क ठीक होते, दुसऱ्या युनिटवर हलकी सावली होती. तो म्हणाला नीट वापरलं तर आठ वर्षं, नंतर आठेक लाखाला जाईल.

मग ३६ लाखातून ८ वजा केले, २८ लाख आठ वर्षांत झिजणार, वर्षाला साडेतीन लाख घसारा. (आयकरात मशिनरीला १५ टक्के घसारा घटत्या शिल्लकेवर मिळतो तो वेगळा, तो टॅक्ससाठी. इथे मला मशीन खरोखर किती झिजतं ते हवंय. टॅक्स मी धरलाच नाही.) वीस नवीन जॉब आले तर ८ लाख १६ हजारातून साडेतीन लाख गेले, ४ लाख ६६ हजार नफा, ४० लाखावर ११.६५ टक्के. नवीन जॉब नाही आले तर १ लाख ६ हजार, म्हणजे २.६५ टक्के. एफडी बरी.

कर्जाचं व्याज मी या दोन्ही हिशोबात घातलं नाही, मामीने बरोबर पकडलं. "आणि बँकेचं व्याज कुठाय रे यात?" त्याचं असं आहे की आरओआय काढून तो व्याजदराशीच ताडून बघायचा असतो, आधीच व्याज वजा केलं तर एकाच खर्चाची दोनदा वजाबाकी होते. बँक ११ टक्के म्हणत होती. सगळं मनासारखं झालं तर ११.६५ मिळणार आणि त्यातले ११ बँकेचे, म्हणजे मामाने आठ वर्षं डोकं खपवायचं ते अर्ध्या टक्क्यासाठी.

व्याज दिसतं ते हप्त्यात. ३६ लाखांपैकी २७ लाख कर्ज, पाच वर्षं, ११ टक्क्याने हप्ता ५८,७०० च्या आसपास. चांगल्या बाजूने ६८ हजार येतात, हप्ता देऊन ९ हजार उरतात. पण हे सरासरीचं बोलणं झालं, प्रेसचा धंदा सरासरीने चालत नाही. तुळशीचं लग्न ते मे रजिस्टर भरून वाहतं आणि आषाढ लागला की पितृपक्ष संपेपर्यंत पानं अर्धी मोकळी. मागच्या आषाढात बाहेर गेलेले जॉब ३५ होते. पस्तीस गुणिले १,३०० म्हणजे साडेपंचेचाळीस हजार, टेम्पोचे साडेचार, पन्नास हजार झाले, ठरलेला खर्च ६२. म्हणजे त्या महिन्यात नवीन जॉब नसतील तर हप्त्याच्या आधीच १२ हजार खिशातून, आणि हप्ता वेगळा. असे महिने सलग दोन-तीन येतात. पेबॅक कितीही चांगला असो, आषाढातले हप्ते कुठून द्यायचे ते आधी ठरलं पाहिजे.

मध्येच मामाच्या पोराने डिजिटलची बाजू काढली, छोटे तीस जॉब तरी डिजिटलवर घेऊ म्हणाला. ऐकायला बरोबर वाटतं. पण १९ बाय २६ चं एक शीट म्हणजे १३ बाय १९ ची दोन प्रिंट, ४०० शीटची ८०० प्रिंट, एका प्रिंटला सगळं मिळून ८ रुपये धरले तर ६,४००. जॉबवर्क १,७०० आणि चार प्लेटांचे हजार, २,७००. डिजिटल स्वस्त पडतं ते ३४० प्रिंटच्या खाली, म्हणजे १७० शीट, आणि मामाकडे तेवढे छोटे जॉब महिन्याला चार-पाच. विषय तिथंच संपला.

मला सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट खरं तर पहिली सुचायला हवी होती. मशीनची तुलना आपण आजच्या जॉबवर्कच्या दराशी करतोय, पण तो दर मामाने चार वर्षांत एकदा पण घासलेला नाही. महिन्याला सत्तर जॉब देणारी पार्टी आहे ही, कुणी फुटकळ गिऱ्हाईक नाही. मामा गेला, चहा पिला, फोर कलर बघतोय असं सहज बोलून आला (हे मात्र मी शिकवलेलं नाही) आणि १,७०० चा मिनिमम १,५०० वर आला. प्रत्येक जॉबला दोनशे, महिन्याला १४ हजार, एक रुपया न गुंतवता. आणि याचा दुसरा अर्थ असा की मशीनची बचत तेवढीच घटली. ३८ हजाराचे २४ राहिले, वीस नवीन जॉब धरून ६८ चे ५४. पेबॅक परत सहा वर्षांच्या वर.

मग मी गणित उलटं केलं, मामाला तेच सगळ्यात पटलं. सेकंडहँड मशीनचे पैसे तीन वर्षांत यायला हवेत, हे मामाचं स्वतःचं मत. चाळीस लाख भागिले छत्तीस महिने, महिन्याला १ लाख ११ हजार. नव्या दराने आपल्या जॉबवर २४ हजार सुटतात, राहिले ८७, एका नवीन जॉबला १,५००, म्हणजे नवीन जॉब हवेत ५८. महिन्याला. मामाला वही दिली आणि म्हटलं मशीन आलं तर नक्की काम देतील अशा पार्ट्यांची नावं लिही, महिन्याचे किती जॉब तेही लिही. "कोण कोण देईल" असं तोंडी विचारलं असतं तर मामाने शंभर सांगितले असते. लिहायला बसल्यावर अकरा झाले. त्यातले सहा एकाच टॉवेलवाल्याचे.

डीलरने मग २४ लाखापर्यंत उतरायची तयारी दाखवली. तेव्हा एकूण ३४ लाख, तीन वर्षांसाठी महिन्याला साडेचौऱ्याण्णव हजार, नवीन जॉब ४७. किंमत सहा लाखाने उतरून पण आकडा फक्त अकराने हलला. मामाने डीलरला सांगितलं गुढीपाडव्यानंतर बोलू.

तोपर्यंत ठरलं असं की मशीन आलंय असं समजून काम गोळा करायचं. परवापाहिजेवाल्यांना नाही म्हणायचं नाही, तिकडे ज्यादा पैसे देऊन रांगेत घुसवून का होईना छापून द्यायचं आणि मामीने रजिस्टरमध्ये ते जॉब हिरव्या पेनने लिहायचे. पहिल्या महिन्यात हिरवे १३ झाले, दुसऱ्यात १९, आणि हे भर लग्नसराईत. परवा गेलो तर मामा रजिस्टर घेऊन हिरव्या ओळी मोजत होता, तेवढ्यात मामी आतून म्हणाली त्यातले दोन खोडा, पोराच्या मित्राच्या पत्रिका आहेत त्या, पैसे घेतलेत का?